यमक, अनुप्रास, लय यांनी कवितेच्या अर्थात नक्की काय भर पडते? आठवीतल्या मुलीला कसं समजावू?

सायलीची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे. मराठीच्या पेपरात काव्यसौंदर्याचा प्रश्न येतो त्यात ती दरवेळी एकच वाक्य लिहून येते, ‘यमक व अनुप्रासामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे.’ कविता पावसाची असो नाहीतर आईची, वाक्य तेच. या वेळी बाईंनी त्याखाली लाल पेनाने लिहिलंय, ‘मग अर्थाला काय झाले?’ मला तो शेरा फार आवडला पण उत्तर मलाही नीट देता येईना. आमच्या वेळी आम्हीसुद्धा नादमाधुर्यच लिहिलं होतं आणि मार्क मिळाले होते.

सोबत बालकवींची औदुंबर घेऊन बसलोय, आठच ओळी आहेत म्हणून. यमक कुठे आहे ते तिला बरोबर सापडतं. ते तिथे असल्याने अर्थ बदलतो का हे सापडत नाही. कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतून.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

विनू_नाशिक
ताई यमक जुळवायला सोप्पं आहे, आधी शेवटचा शब्द ठरवायचा मग त्याला जुळणाऱ्या शब्दांची यादी करायची आणि मग ओळ मागून पुढे लिहायची. माझ्या पुतणीने असंच करून गॅदरिंगला कविता केली, पहिला नंबर आला. यादी हवी असेल तर पाठवतो.

सायलीची_आई
विनूदादा धन्यवाद, पण तिला कविता करायची नाहीये, समजून घ्यायची आहे 🙂

शब्दवेडी
मी सांगते! यात ळ बघा किती आहेत. हिरवाळी, निळासावळा, मळ्यांची, काळ्या, झाकळुनी, जळ, काळिमा, जळात. ळ हा पाण्याचा आवाज आहे, खळखळ, झुळझुळ, सळसळ. म्हणून ही कविता वाचताना सतत पाणी ऐकू येतं. सायलीला हे लिहायला सांगा, ‘ळ या वर्णाच्या अनुप्रासामुळे पाण्याचा नाद येतो.’ काम झालं.

मुक्तछंदी
मला हे सगळं नंतर चिकटवलेलं वाटतं. यमक हा दागिना आहे, काढला तरी माणूस तोच राहतो. आज निम्म्याहून जास्त चांगल्या कविता यमकाशिवाय लिहिल्या जातात, त्यांना अर्थ नाही का? मुलीला प्रतिमा समजावा, रंग समजावा. हिरवा, निळा, पांढरा, काळा असा प्रवास आहे या कवितेत, खरी कविता तिथे आहे.

खडूफळा
तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

शब्दवेडीताई, ळ मोजलेत ते अगदी बरोबर, पण ‘ळ म्हणजे पाण्याचा आवाज’ हे तेवढं खरं नाही. जळफळाट, तळतळाट, कळवळा, मळमळ घ्या. ळ भरपूर आहे आणि पाण्याचा थेंब नाही. जळफळाटात तर जळ आहे पण ते आगीचं. सुट्या अक्षराला अर्थ नसतो. कवी आधी पाणी डोळ्यांपुढे आणतो, मग त्याच ओळीत ळ पुन्हा पुन्हा येतो तेव्हा आपला कान त्या दोन गोष्टींची गाठ मारतो. शब्दांनी पाणी दाखवलं नसतं तर ळ मुका राहिला असता.

मुक्तछंदी, दागिना काढून बघू म्हणता ना, वर्गात मी तेच करायचो. मुलांना सांगायचो, ओळीचा अर्थ तसाच ठेवा आणि फक्त शब्द बदला. सातवी ओळ घ्या. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. आता ही माझी मोडतोड वाचा: ‘झाकुन पाणी गोड सावली पसरी लाटांवर’. मात्रा मोजून बघा, एकही कमीजास्त नाही. अर्थही म्हणाल तर जवळपास तोच, पाणी झाकलं गेलं, सावली पडली. दोन्ही ओळी मोठ्यांदा वाचा.

माझ्या ओळीत झाकणं वेगळं, पाणी वेगळं, सावली वेगळी. तीन सुट्या वस्तू. बालकवींच्या ओळीत झाकळुनी, जळ, काळिमा या तिन्ही शब्दांच्या पोटात तोच ळ आहे, शिवाय झ आणि ज जिभेच्या एकाच जागेवरून निघतात. त्यामुळे काळोख कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं हे कानाला वेगळं काढता येत नाही. डोहाच्या काठी संध्याकाळी उभं राहिलं की डोळ्यालाही ते काढता येत नाही. नादमाधुर्य नुसतं नव्हे, काळिमा पाण्यात मिसळला आहे ही बातमी आवाजाने दिली. सायलीने एवढं लिहिलं तरी बाईंचा प्रश्न सुटला.

शब्दवेडी
जळफळाट 😄 मान्य सर. म्हणजे आवाज अर्थ आणत नाही, असलेल्या अर्थाला धरून ठेवतो, असं ना?

खडूफळा
हो, तसंच.

एडिसनकर
हा धागा वाचून आमच्या इथल्या रविवारच्या मराठी शाळेतली गंमत आठवली. मी न्यू जर्सीत असतो. मुलं ळ म्हणूच शकत नाहीत, ल म्हणतात. मागच्या वर्षी हीच कविता पाठ करून घेत होतो, मुलं म्हणतात ‘निलासावला झरा’ आणि ‘झाकलुनी जल गोड कालिमा’. आम्ही हसून सोडून द्यायचो. आता खडूफळा सरांचं वाचल्यावर काल लेकीकडून दोन्ही म्हणवून घेतलं, आधी तिच्या ल ने, मग जीभ टाळूकडे वळवून ळ ने. ती म्हणाली बाबा ल वाली ओळ घसरगुंडीसारखी पटकन जाते, ळ वाली हळू जाते. नऊ वर्षांची आहे. मी तिला काहीच सुचवलं नव्हतं.

जात्यावरची
किती छान निरीक्षण आहे लेकीचं!

आणि एक, अनुप्रास अक्षर बघून शोधू नका, कानाने शोधा. मराठीत च दोन आहेत, चमच्यातला वेगळा आणि चिमणीतला वेगळा. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ यातले तिन्ही च चिमणीतले आहेत म्हणून ती ओळ इवलीशी, चिमटीत धरल्यासारखी वाटते मला. तिथे चमच्यातला च असलेला शब्द घातला तर वहीत अनुप्रास दिसेल पण कानाला होणार नाही. मुलं तिथेच फसतात, अक्षराखाली रेघा मारत सुटतात.

सायलीची_आई
सर, जात्यावरची, खूप मदत झाली. रेघा मारणं अगदी आमच्या घरचंच. आता लयीबद्दल. सायलीने मात्रा मोजल्या, ऱ्हस्वाला एक दीर्घाला दोन. पहिल्या तीन ओळी सत्तावीस सत्तावीस आल्या आणि चौथी अठ्ठावीस आली. तिला वाटलं कवीची चूक सापडली, घरभर नाचत होती.

खडूफळा
तिला म्हणावं शाब्बास, कारण मोजलं म्हणून अडखळली. चूक ‘शेतमळ्यांची’ मध्ये झाली असणार. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर दोन मात्रांचं धरायचं हा नियम तिने म ला लावला. पण मळ्यांची म्हणताना म वर जोर येतो का? नाही येत, आपण म-ळ्यां असं हलकं म्हणतो, म्हणून म एकच. त्याच ओळीतली ‘गर्दी’ घ्या, ग वर जोर येतो, तिथे ग च्या दोन. नियम जोराचा आहे, जोडाक्षर दिसण्याचा नाही. सहाव्या ओळीत ‘हिरव्या’ला पण तीच चूक होईल, आधीच सांगा. आणि शेवटच्या दोन ओळींत एकेक कमी भरेल, तिथे शेवटचा र जरा लांबवून दोन मात्रांचा धरायचा, तशी मुभा असते.

धाधिंधिं
तबला वाजवतो म्हणून लिहितोय. सत्तावीस मात्रा हा प्रकार मला पटत नाही, सत्तावीसचा ठेका कुणी वाजवत नाही. ही कविता सोळाची आहे. ‘ऐल तटावर पैल तटावर’ सोळा, सरळ तीनताल. पुढचं ‘हिरवाळी घेऊन’ अकरा, ते कवीने मोकळं सोडलंय.

खडूफळा
अर्धं बरोबर आहे तुमचं. सोळाच्या आत अजून एक मोजमाप आहे, आठाचं. ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, ‘हिरवाळी घे’ आठ, आणि मग ‘ऊन’ हे तीनाचं शेपूट. प्रत्येक ओळीत आठ-आठ-आठ आणि शेवटी तीन. तुम्ही ठेका धरून म्हणून बघा.

धाधिंधिं
बघितलं. खरंच बसतंय! आठाचा केरवा धरला तर तीन आवर्तनं भरून वाजतात आणि चौथ्यात तीनच मात्रा शब्द येतो, मग पाच मात्रा शांत. म्हणजे ‘पुढे’ म्हटलं की पाच मात्रा काहीच नाही, मग पुढची ओळ. अकरा मोकळं सोडलंय म्हणालो ते चुकलं, मोकळ्या पाचच आहेत, पण ठेका तिथेही चालूच असतो. गायक म्हणत नसतो तेव्हासुद्धा तबला मोजत असतो ना, तसं. आणि मला वाटतं हे चित्रासारखं आहे, एक दृश्य दाखवून थांबायचं, बघू द्यायचं, मग पुढचं दृश्य.

मुक्तछंदी
हे आवडलं. पण तरी विचारतो, अशी आठाची मापं शेकडो कवितांना आहेत. आनंदाच्या, दुःखाच्या, आरतीच्यासुद्धा. मग मापाने *या* कवितेला काय दिलं?

जात्यावरची
मुक्तछंदीशी मी सहमत आहे एका बाबतीत. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, सगळ्या एकाच चालीवर, माहेरच्या कौतुकाच्या पण आणि दिराच्या मरणाच्या पण. जात्याचा फेरा तोच, हात तोच. शब्द कमी पडला की ‘गं बाई’ घालायची आणि फेरा भरून काढायची. मग लय सारखीच असताना रडू कुठून यायचं? मला आठवतं ते असं की मरणाच्या ओवीत ती मध्येच शब्द ओढायची, फेऱ्याच्या आधी संपायचा तो शब्द फेऱ्याच्या पुढे जायचा. तेवढंच. आणि आम्ही पोरं गप्प व्हायचो. म्हणजे माप काही सांगत नसेल, पण ते मोडलं की कळतं.

खडूफळा
जात्यावरचीताई, तुम्ही माझ्या तोंडचं काढून घेतलंत, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. आता औदुंबरमध्ये तेच बघा.

पहिली ओळ. ‘ऐल तटावर’, ‘पैल तटावर’, आठ आणि आठ, दुसरा शब्द तोच, पहिल्यात एका अक्षराचा फरक. समोरासमोर दोन काठ, तेही सारख्या मापाचे. आठाचं माप बेटासारखं स्वच्छ कापलेलं आहे. दुसऱ्या ओळीत ‘निळासावळा’ वर आठ संपतात. तिसरीत ‘चार घरांचे’ वर. चौथीत ‘शेतमळ्यांची’ वर. चारही ओळींत पहिल्या आठाला शब्द पुरा होतो. कानाला सवय लागली.

आता पाचवी. पायवाट म्हणजे सहा मात्रा, उरल्या दोन, आणि पुढचा शब्द ‘पांढरी’ पाच मात्रांचा. आठाची रेघ त्या शब्दाच्या मधोमध पडते, ‘पायवाट पां’ इकडे आणि ‘ढरी तयांतुन’ तिकडे. आठही ओळींत पहिल्या आठाला शब्द असा फाटतो तो इथेच. आणि ही ओळ कशाची आहे? अडव्यातिडव्या पायवाटेची. सरळ आखलेल्या शेतांतून वाट तिरकी गेली तशी मापाच्या रेघेवरून शब्द तिरका गेला. सहावीत थोडं तसंच, ‘हिरव्या कुरणां’ वर आठ संपतात आणि ‘मधुन’ पलीकडे जातं, पण ते निदान प्रत्ययाच्या सांध्यावर. वाट अजून चालूच आहे. सातवीत ‘झाकळुनी जळ’, पुन्हा स्वच्छ आठ. डोह आला, वाट संपली.

मुक्तछंदी
सर, सुंदर आहे. पण बालकवींनी हे ठरवून केलं असेल? शब्द बसला नाही म्हणून पुढे सरकला असेल.

खडूफळा
ठरवून केलं की नाही हे कसं सांगणार. मला वाटतं कान तयार असला की हात आपोआप तसा पडतो.

मुक्तछंदी
मग परीक्षेत ‘कवीने हेतुपुरस्सर केले’ असं लिहू नये मुलीने. ‘वाचताना असे जाणवते’ लिहावं. माझा आक्षेप तेवढाच.

सायलीची_आई
हे फार उपयोगी आहे, तिला वहीत लिहून दिलं. आणि यमकाचं? माझ्या डोक्यात ते राहिलंय. ती लिहिते ‘कडे-पुढे, पडे-कडे हे यमक साधले आहे’. पुढे काय?

शब्दवेडी
आता मी जपून बोलते 😊 पण एक दिसलं. पहिल्या दोन ओळींचं एक यमक, शेवटच्या दोन ओळींचं एक, आणि मधल्या चार ओळींना मात्र एकच, कडे पुढे पडे कडे. जोडीजोडीने जायचं तर तिसऱ्या जोडीला नवीन यमक हवं होतं. ते बदलत का नाही?

एडिसनकर
कारण गावापासून डोहापर्यंत वाट एकच आहे म्हणून?

शब्दवेडी
अरे हो! गाव, शेतं, पायवाट, कुरणं, डोह. डोहाशी पोचेपर्यंत तोच आवाज, आणि डोह आल्यावर बदलला!

खडूफळा
दोघांनाही पैकीच्या पैकी. त्यात माझी एक मोडतोड घाला. तिसरी ओळ मी उलटी करतो: ‘पैल टेकडीकडे चिमुकले चार घरांचे गाव’. मात्रा सत्तावीसच, आठ-आठ-आठ-तीनच, शब्दही तेच, एकही बदलला नाही. फक्त शेवटी ‘कडे’ ऐवजी ‘गाव’ आला. वाचा आणि डोळे मिटून बघा नजर कुठे थांबते. गावावर. मूळ ओळीत नजर गावावर थांबत नाही, ‘कडे’ तिला ढकलतं, मग ‘पुढे’ ढकलतं, मग ‘पडे’, मग पुन्हा ‘कडे’. यमकाच्या जागेला ओळीत सगळ्यात जास्त वजन असतं, कारण तिथे आवाज परत येतो आणि नंतर शांतता असते, धाधिंधिं यांनी सांगितलेल्या पाच मात्रा. त्या वजनदार जागेवर कवीने गाव, शेत, कुरण अशी एकही वस्तू ठेवली नाही, दिशा दाखवणारे शब्द ठेवले. म्हणून कविता थांबत नाही, डोहाकडे चालत राहते. पुष्कळांनी या चालण्यात आयुष्याची वाट पाहिली आहे, काठापासून काळ्या डोहापर्यंत. ते आठवीत सांगायची घाई नको, पण वाट चालते आहे एवढं कळलं तर उरलेलं मोठेपणी आपोआप दिसेल.

धाधिंधिं
आणि शेवटी ‘बसला असला’. आठव्या ओळीत वाट नाही, झाड बसलंय. ‘सला सला’ म्हणताना हात आपोआप हळू होतो माझा, समेवर आल्यासारखा.

विनू_नाशिक
मी पहिल्यांदा भलतंच लिहिलं, पण सगळं वाचलं. पुतणीची कविता काढून बघितली. पावसावर आहे आणि यमकाच्या जागी छत्री-कात्री, गारा-वारा. कात्रीचा पावसाशी काय संबंध, यादीतून आली होती. तिला फोन करून विचारलं तर म्हणाली काका मला ती ओळ तेव्हापासूनच आवडत नव्हती.

जात्यावरची
विनूभाऊ, पुतणीला म्हणावं कान शाबूत आहे.

सायलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस आम्ही दोघी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत कविता म्हणतोय, आजोबा पण येऊन बसले. सायलीने काल जे लिहिलं ते जसंच्या तसं देते, मी हात लावलेला नाही:

‘तिसऱ्या ते सहाव्या ओळीपर्यंत कडे, पुढे, पडे, कडे असे एकच यमक आहे. हे सगळे शब्द पुढे जाण्याचे आहेत. त्यामुळे आपण पायवाटेने चालत आहोत असे वाटते. डोह आल्यावर यमक बदलते कारण आता चालायचे नाही. सातव्या ओळीत झाकळुनी, जळ, काळिमा यात ळ आहे, त्यामुळे पाणी आणि काळोख एकच झाल्यासारखे वाटतात.’

पायवाटेच्या ओळीचं तिने लिहिलं नाही, म्हणाली ते मला अजून ऐकू येत नाही, टाळी वाजवताना मी चुकते तिथे. आणि तिचा एक प्रश्न आहे. लाटांवर आणि औदुंबर, हे यमक पूर्ण जुळतं का? वर आणि बर. तिचं म्हणणं बाकीची घट्ट आहेत आणि हे एकच सैल आहे.

खडूफळा
टाळी चुकते तिथेच तर ती ओळ आहे, सांगा तिला.

वर-बर बद्दल तिचा कान बरोबर आहे. लाटांवर मधला अनुस्वार आपण बोलताना उच्चारत नाही, ‘लाटावर’ म्हणतो. औदुंबरात म् स्पष्ट येतो. त्यामुळे जुळतो तो फक्त र आणि व-ब दोन्ही ओठांवरचे एवढंच. सैल आहे खरं.

मुक्तछंदी
मला वाटतं औदुंबर शब्दाला घट्ट यमक मिळालंच नसेल. शब्द बदलता येत नव्हता, कवितेचं नावच ते आहे.

धाधिंधिं
किंवा झाड सुटं बसलंय म्हणून सुटं यमक.

शब्दवेडी
मला तर ‘दुं’ आल्यावर डोहात दगड पडल्यासारखं ऐकू येतं. सर, जळफळाट म्हणू नका!

खडूफळा
नाही म्हणत. पुन्हा एकदा मोठ्यांदा वाचून बघतो आधी.